समास दीड इंच, शीर्षक मात्र नुसते ठळक

पीएच.डी.चा प्रबंध कसा सादर करावा, याची नियमावली बहुतेक विद्यापीठांकडे असते आणि ती बारकाईने लिहिलेली असते. कागद ए-फोर, ओळींमधले अंतर दीडपट, अक्षरांचा आकार अमुक, मुखपृष्ठावरची अक्षरे सोनेरी, डावीकडचा समास दीड इंच. हा समास इतर तीन बाजूंपेक्षा जास्त का, तर बाइंडिंगमध्ये मजकूर दबू नये म्हणून. म्हणजे बाइंडरच्या सुईदोऱ्याचा विचार नियम करणाऱ्यांनी केला आहे. प्रबंध कानांनी वाचणाऱ्या माणसाचा विचार मात्र त्या पानांत शोधून सापडत नाही.

एकेकाळी हे समजण्यासारखे होते, कारण प्रबंध म्हणजे ग्रंथालयातल्या कपाटातली काळी जाड वही होती. आता तसे राहिलेले नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या आणि त्यानंतर २०२२ च्या पीएच.डी. नियमांनुसार, पदवी जाहीर करण्याआधी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राकडे द्यावी लागते आणि ती ‘शोधगंगा’वर सर्वांसाठी खुली होते. प्रबंधाचा खरा वाचक आता तिथेच आहे. छापील प्रती मार्गदर्शक, परीक्षक आणि ग्रंथालयापलीकडे फारशा जात नाहीत. तरी इलेक्ट्रॉनिक प्रतीकडे आपण अजून छापील प्रतीचा फोटो म्हणूनच बघतो.

माझे म्हणणे एवढेच आहे. पदवी जाहीर होण्याआधीची ही जी शेवटची खिडकी आहे, तिथेच शीर्षकांची रचना, चित्राच्या जागी वाचून दाखवला जाणारा पर्यायी मजकूर आणि तक्ते तपासले जावेत आणि त्यात नापास झालेली फाइल परत पाठवावी. शिवाय मराठी प्रबंधांच्या बाबतीत नुसती पीडीएफ घेऊन भागणार नाही. युनिकोडमधली मूळ वर्ड फाइलही सोबत घेतली पाहिजे. याची कारणे फाइलच्या आत आहेत, म्हणून आधी तिथे जाऊ.

विद्यापीठाच्या दारासमोर टायपिंग आणि बाइंडिंगची दुकाने असतात. मराठी माध्यमातल्या प्रबंधांपैकी कितीतरी प्रबंध तिथेच आकाराला येतात. दुकानातला ऑपरेटर ‘प्रकरण चौथे : माहितीचे विश्लेषण’ ही ओळ टाइप करतो, ती निवडतो, ठळक करतो, आकार अठरा करतो, मध्यभागी आणतो. डोळ्यांना ते शीर्षक दिसते. फाइलच्या लेखी मात्र तो बाकीच्यासारखाच एक परिच्छेद असतो, फक्त जाड अक्षरांतला. स्क्रीन रीडर हे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर अक्षरांच्या जाडीवरून शीर्षक ठरवत नाही. त्या परिच्छेदाला `Heading 1` ही स्टाइल लावली आहे का, एवढेच ते बघते.

त्याने काय फरक पडतो, हे एका अंध संशोधक विद्यार्थिनीच्या शेजारी बसल्यावर कळले. एका जुन्या प्रबंधात नमुना निवड कशी केली होती, तेवढेच तिला बघायचे होते. आपण काय करतो? अनुक्रमणिका बघतो, पाने चाळतो, दोन मिनिटांत त्या पानावर पोचतो. तिच्याकडे एनव्हीडीए होते. हा मोफत स्क्रीन रीडर २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन यांनी लिहायला घेतला. ते स्वतः अंध आहेत. वर्डमध्ये फाइल उघडायची, एनव्हीडीएच्या कळीसोबत स्पेस दाबून ब्राउझ मोडमध्ये जायचे आणि मग `H` दाबले की पुढचे शीर्षक, `2` दाबले की पुढचे दुसऱ्या पातळीचे शीर्षक. डोळस माणसाचे पाने चाळणे ते हेच. तिने `H` दाबले. पुढे शीर्षक नाही, असे उत्तर आले. तीनशेच्या आसपास पानांच्या प्रबंधात एकही शीर्षक नाही! मग ती खालच्या बाणाने एकेक परिच्छेद ऐकत निघाली. प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र, ऋणनिर्देशातले घरच्यांचे आभार, आणि मग टिंबटिंब टिंबटिंब करत वाचली जाणारी हाताने टाइप केलेली अनुक्रमणिका. त्या अनुक्रमणिकेत पान क्रमांक होते, पण त्या पानाकडे नेणारा दुवा एकाही ओळीला नव्हता.

यावर उपाय अवघड नाही, पण मराठीत एक अडचण आहे आणि ती कोणी सांगत नाही. ऑपरेटरला `Heading 1` माहीतच नसते असे नाही. त्याने ती एकदा लावून बघितलेली असते. लावल्यावर अक्षरे निळी होतात, आकार भलताच येतो. मग तो स्टाइलमध्ये जाऊन आकार अठरा करतो, तरी देवनागरी अक्षरे ढिम्म हलत नाहीत. कारण वर्ड देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ समजते आणि तिचा फाँट, आकार, ठळकपणा वेगळा साठवते. स्टाइलवर उजवी क्लिक करून `Modify`, मग `Format`, मग `Font` इथे गेले की खाली `Complex scripts` असा वेगळा भाग असतो. मराठीचा आकार तिथे बदलावा लागतो. वरच्या भागात केलेला बदल फक्त इंग्रजी अक्षरांना लागू होतो. हे ठाऊक नसलेला माणूस वैतागून स्टाइल काढून टाकतो आणि पुन्हा ठळक-अठरा-मध्यभागी या वाटेला लागतो. त्याला आळशी म्हणणे सोपे आहे, पण खरी चूक त्याला कोरी फाइल देणाऱ्यांची आहे.

एकदा हे बसवले की बाकीचे सरळ आहे. प्रकरणाचे नाव पहिल्या पातळीवर, ४.१ दुसऱ्या, ४.१.१ तिसऱ्या. मधली पातळी गाळायची नाही. तिसऱ्या पातळीची अक्षरे दिसायला बरी वाटतात म्हणून पहिल्यानंतर थेट तिसरी लावली, तर ऐकणाऱ्याला वाटते की मधले काहीतरी आपल्याकडून सुटले. दिसणे बदलायचे असेल तर स्टाइल बदलावी, पातळी नाही. यातून संशोधकाचाही फायदा होतो. शीर्षके स्टाइलमध्ये असली की अनुक्रमणिका वर्ड स्वतः तयार करते आणि मार्गदर्शकांनी शेवटच्या आठवड्यात दोन पाने वाढवायला लावली तरी पान क्रमांक हाताने बदलत बसावे लागत नाहीत. ज्याने तो उद्योग रात्री जागून केला आहे, त्याला हा मुद्दा पटवून द्यावा लागत नाही.

आता तक्त्यांकडे वळू. सामाजिक शास्त्रांच्या प्रबंधात खरा माल तक्त्यांतच असतो. जनगणनेतले साक्षरतेचे आकडे घेऊ. २००१ मध्ये महाराष्ट्रात पुरुषांची साक्षरता ८५.९७ टक्के आणि स्त्रियांची ६७.०३ टक्के होती. २०११ मध्ये ती अनुक्रमे ८८.३८ आणि ७५.८७ झाली. गोव्यात हेच आकडे २००१ मध्ये ८८.४२ आणि ७५.३७, तर २०११ मध्ये ९२.६५ आणि ८४.६६ होते. दोन राज्ये, दोन वर्षे, आठ आकडे. यापेक्षा लहान तक्ता प्रबंधात क्वचितच असेल.

दुकानात हा तक्ता नेहमीच्या पद्धतीने असा होतो. वरच्या ओळीत ‘२००१’ दोन रकाने जोडून, तसेच ‘२०११’. त्याखालच्या ओळीत पुरुष, स्त्री, पुरुष, स्त्री. डावीकडे ‘राज्य’ दोन ओळी जोडून. छापल्यावर देखणा दिसतो. ऐकताना मात्र गोव्याच्या ओळीतल्या शेवटच्या रकान्यात गेले की ‘८४.६६’ एवढेच कानी पडते, फार तर सोबत ‘२०११’. हा आकडा पुरुषांचा की स्त्रियांचा? ते दुसऱ्या ओळीत होते आणि दुसरी ओळ शीर्षकाची आहे हे फाइलला कोणी सांगितलेले नाही. जोडलेल्या चौकटींमुळे रकान्यांची मोजणीही सरकते. ऐकणारा वर जातो, शीर्षक ऐकतो, खाली येतो, तोवर आपण कितव्या रकान्यात होतो हेच विसरतो. आठ आकड्यांत ही गत, तर तीस प्रश्नांच्या पाच-पाच पर्यायांच्या तक्त्यात काय होत असेल याचा अंदाज करा.

तोच तक्ता एकाच ओळीच्या शीर्षकाने करता येतो: ‘राज्य’, ‘२००१ पुरुष’, ‘२००१ स्त्री’, ‘२०११ पुरुष’, ‘२०११ स्त्री’. ‘२००१’ हा शब्द दोनदा येतो आणि छापील पानाची थोडी शोभा जाते, हे मान्य. ती किंमत मला फार वाटत नाही. मग पहिली ओळ निवडून टेबलच्या `Layout` मध्ये `Repeat Header Rows` सुरू करायचे. छपाईत तक्ता पुढच्या पानावर गेला की शीर्षक पुन्हा यावे, यासाठी ती सोय आहे. पण तीच खूण स्क्रीन रीडरला ही शीर्षकाची ओळ आहे असे सांगते. आता `Ctrl+Alt` आणि बाण दाबत गोव्याच्या ओळीत उजवीकडे सरकले, तर प्रत्येक आकड्याआधी त्याच्या रकान्याचे नाव येते: ‘२०११ स्त्री, ८४.६६’. ऐकणारा तक्ता डोक्यात धरून बसत नाही, डोळस माणसासारखा फक्त हव्या त्या चौकटीत जातो.

मोकळी चौकट ठेवू नये. माहिती उपलब्ध नसेल तर तसे शब्दांत लिहावे, कारण रिकामी चौकट ऐकणाऱ्याला टंकलेखनाची चूक वाटते. टॅब आणि स्पेस मारून रचलेले तक्ते तर पुन्हाच करावे लागतात. ते तक्ते नसतातच. तिथे ‘महाराष्ट्र ८५.९७ ६७.०३ ८८.३८ ७५.८७’ अशी आकड्यांची एक सलग माळ वाचली जाते. आणखी एक प्रकार वाणिज्य आणि मानसशास्त्राच्या प्रबंधांत सर्रास दिसतो. एसपीएसएस या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमधून काढलेला टी-चाचणीचा निकाल तक्ता म्हणून न आणता चित्र म्हणून चिकटवतात. संपूर्ण प्रबंध ज्या निकालावर उभा आहे, तोच स्क्रीन रीडरला ‘ग्राफिक’ या एका शब्दात ऐकू येतो.

चित्रांचा मुद्दा यालाच लागून येतो. आकृतीवर उजवी क्लिक केली की `View Alt Text` मिळते आणि त्या चौकटीत लिहिलेले वाक्य स्क्रीन रीडर चित्राच्या जागी वाचतो. इथे काय लिहायचे, यावर थोडे थांबतो, कारण नियम केला तरी सर्वांत जास्त धूळफेक इथेच होणार आहे.

वरच्याच आकड्यांचा स्तंभालेख आहे असे धरू. त्याला ‘आलेख क्र. ४.२’ एवढाच पर्यायी मजकूर दिला, तर तपासणारे सॉफ्टवेअर खूश होते आणि वाचकाला काही मिळत नाही, कारण ते शब्द खालच्या मथळ्यात आधीच आहेत. ‘निळ्या आणि केशरी रंगाच्या आठ स्तंभांचा आलेख’ असे लिहिले तर ते चित्राचे वर्णन झाले. पण आलेख रंग दाखवायला काढलेला नव्हता. आता हे बघा: ‘स्तंभालेख. २००१ ते २०११ या काळात महाराष्ट्र आणि गोवा दोन्हीकडे स्त्री-पुरुष साक्षरतेतली दरी घटली: महाराष्ट्रात १८.९४ वरून १२.५१ टक्के-अंशांवर, गोव्यात १३.०५ वरून ७.९९ वर. सर्व आकडे तक्ता ४.३ मध्ये.’ आलेख कशासाठी आहे ते यात आले, मुख्य निष्कर्ष आला आणि ज्याला खोलात जायचे त्याला तक्त्याची वाट दिली. यापेक्षा लांब लिहायची वेळ आली तर ते स्पष्टीकरण खालच्या परिच्छेदात घालावे. पर्यायी मजकूर सहसा एका दमात वाचला जातो. त्यात मागे-पुढे जाणे, एखादा आकडा पुन्हा ऐकणे कटकटीचे होते.

हे वाक्य ऑपरेटर लिहू शकणार नाही. ते संशोधकानेच लिहायला हवे आणि मार्गदर्शकांनी वाचायला हवे. पर्यायी मजकूर लिहायला बसले की एक जुनी खोडही उघडी पडते. ‘तुम्ही वर्तमानपत्र वाचता का?’ या होय-नाही प्रश्नाच्या उत्तरांचा आधी तक्ता, मग त्याच दोन आकड्यांचा वर्तुळालेख, मग ‘वरील आलेखावरून असे दिसून येते की’ म्हणत तेच दोन आकडे पुन्हा. असे पंचवीस प्रश्न झाले की विश्लेषणाचे प्रकरण जाडजूड होते. अशा वर्तुळालेखाला काय पर्यायी मजकूर द्यावा, असे कोणी विचारले तर माझे उत्तर आहे, आलेख काढून टाका. विद्यापीठाचे बोधचिन्ह, पानाभोवतीची नक्षी, प्रकरणांमधल्या रेघा यांना मात्र `Mark as decorative` ची खूण करून गप्प बसवावे.

इथपर्यंत सांगितलेले बरेचसे जगातल्या कोणत्याही भाषेतल्या प्रबंधाला लागू आहे. यापुढचे खास आपले आहे आणि त्यामुळेच नुसत्या पीडीएफवर माझा विश्वास नाही.

जुन्या फाँटचा प्रश्न बहुतेकांना ऐकून माहीत असतो. कृतिदेवसारख्या फाँटमध्ये पडद्यावर ‘मराठी’ दिसते, पण फाइलमध्ये साठवलेली अक्षरे `ejkBh` अशी रोमन असतात. फाँटने त्या अक्षरांवर देवनागरीचा मुखवटा चढवलेला असतो, इतकेच. स्क्रीन रीडरला मुखवटा दिसत नाही. तो ‘ई जे के बी एच’ वाचतो, नाहीतर इंग्रजी शब्द समजून काहीतरी पुटपुटतो. अशा फाइलला कितीही सुंदर शीर्षके लावा, वाचायला काही उरत नाही. मजकूर रूपांतरित करून युनिकोडमध्ये आणता येतो, पण ‘दुसऱ्या’मधला र, ‘ॲ’, अवतरणचिन्हे, आकडे अशा जागी गडबड होते आणि नजरेखालून घालावेच लागते. प्रबंध पूर्ण झाल्यावर हे करणे म्हणजे शिक्षा आहे. पहिल्या दिवशी युनिकोडमध्ये सुरुवात केली तर काही करावेच लागत नाही.

युनिकोडमध्ये लिहिले की सुटलो, असे मात्र नाही. पीडीएफमध्ये अक्षरे नसतात, अक्षरांच्या आकृत्या असतात, आणि कोणती आकृती म्हणजे कोणते अक्षर याची एक यादी सोबत असते. इंग्रजीत एका अक्षराला एक आकृती, त्यामुळे फारसे बिघडत नाही. मराठीत ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते व्यंजनानंतर आणि दिसते व्यंजनाआधी. जोडाक्षरांच्या तर स्वतंत्र आकृत्या असतात. पीडीएफ बनवणाऱ्या प्रोग्रामने ही यादी नीट भरली नाही, तर पानावर ‘किती’ दिसते आणि आतून ‘िकती’ निघते. ‘विद्यार्थी’चे ‘िव ाथ’ असे काहीसे अवशेष उरतात. पान डोळ्यांना निर्दोष असते. मार्गदर्शक, परीक्षक, ग्रंथपाल कोणालाच पत्ता लागत नाही. पीडीएफमधला एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवला की मात्र लगेच कळते. ही चाचणी करायला पैसे लागत नाहीत, प्रशिक्षण लागत नाही. जोडाक्षरे भरपूर असलेला परिच्छेद निवडावा, म्हणजे झाले. जे नोटपॅडमध्ये पडते, साधारण तेच अंध वाचकाच्या कानावर पडते.

शीर्षकांचे आणि तक्त्यांचे कष्टही पीडीएफ करताना एका क्लिकमध्ये वाया जाऊ शकतात. वर्डमधून `Save As` ने पीडीएफ करताना `Options` मध्ये `Document structure tags for accessibility` वर खूण असेल तर रचना पीडीएफमध्ये उतरते. त्याऐवजी `Print` मध्ये जाऊन `Microsoft Print to PDF` निवडले तर पाने हुबेहूब येतात आणि रचना पुसली जाते. दुकानांत दुसरा रस्ता जास्त चालतो, कारण छपाईचा हात बसलेला असतो. शिवाय सही-शिक्क्याची पाने स्कॅन करून जोडायची असतात, काही जण तर अख्खा प्रबंधच स्कॅन करतात. ॲडोब रीडरमध्ये `Ctrl+D` दाबून `Tagged PDF` पुढे `Yes` आहे की `No`, हे कोणालाही बघता येते. मात्र `Yes` म्हणजे रचना आहे एवढेच. ‘िकती’चा प्रश्न त्याने सुटत नाही.

म्हणूनच वर्ड फाइलचा आग्रह. तिच्यात युनिकोड अक्षरे जशीच्या तशी असतात, शीर्षके आणि तक्ते असतात, आणि एनव्हीडीए ती नीट वाचते. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ई-स्पीक या आवाजात मराठी आहे. तो आवाज कोरडा, यंत्राचा आहे, पण सरावलेले वाचक तो भराभर ऐकतात. यावर लगेच हरकत येते, की वर्ड फाइल खुली केली तर कोणीही बदलेल, कोणीही उचलेल. बदलण्याचे उत्तर सोपे आहे: अधिकृत प्रत पीडीएफच राहील, वर्ड फाइल ही वाचनाची प्रत. उचलण्याबद्दल सांगायचे तर प्रबंध आजही खुलेच आहेत. उलट ज्या प्रबंधाचा मजकूर `ejkBh` किंवा ‘िव ाथ’ असा साठला आहे, तो वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्याही हाती लागत नाही. बंद दाराआड चोरी होत नाही, असा समज असेल तर तो इथे उलटा पडतो.

दुसरी हरकत जास्त गंभीर आहे आणि ती चांगल्या माणसांकडून येते: ‘ज्याला लागेल त्याला आम्ही करून देऊ.’ कायद्यानेही याला वाट आहे. प्रताधिकार कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने अपंग वाचकांसाठी सुलभ स्वरूपात प्रत करायला परवानगी दिली आणि २०१४ मध्ये अंध वाचकांसाठी पुस्तकांच्या सुलभ प्रती करू देणाऱ्या माराकेश या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता देणारा पहिला देश भारत ठरला. पण संशोधन करताना कोणता प्रबंध लागेल हे आधी माहीत नसते. दहा चाळायचे, आठ बाजूला ठेवायचे, दोन वाचायचे, असे ते काम चालते. दहाच्या दहा प्रबंधांसाठी अर्ज करून, कोणी स्वयंसेवक टाइप करून देईल याची वाट बघायची म्हटले तर चाळणेच संपते. सोय मागितल्यावर पुरवणे आणि वस्तू मुळात वापरता येण्यासारखी असणे, यांत हाच फरक आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चे कलम ४२ दृक्‌-श्राव्य, छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला मजकूर सुलभ स्वरूपात उपलब्ध असावा यासाठी सरकारने पावले उचलावीत असे सांगते. ते ‘मागितल्यास’ असे म्हणत नाही.

तरी हे मार्गदर्शक सूचनांच्या पातळीवरच राहिले. अनुदान आयोगाने २०२२ मध्ये उच्च शिक्षण संस्थांसाठी सुगम्यतेच्या सूचना काढल्या. सूचनेचे काय होते, हे प्रत्येक महाविद्यालयाला ठाऊक आहे. ती परिपत्रकाच्या फाइलमध्ये लागते. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुडी खटल्यात नेमके याच दुखण्यावर बोट ठेवले. दिव्यांग हक्क नियमांमधला १५ वा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवताना न्यायालयाने म्हटले, की कायदा बंधन घालतो आणि नियम मात्र शिफारशींवर विसंबतात. किमान बंधनकारक निकष वेगळे काढून सांगा. केंद्राला त्यासाठी तीन महिन्यांची मुदत दिली होती. विद्यापीठांना मात्र कोणाची वाट बघायची गरज नाही. प्रबंध सादरीकरणाची नियमावली त्यांचीच आहे, दीड इंच समास त्यांनीच ठरवला आहे.

तपासणीला किती वेळ लागेल? प्रबंध विभागातल्या लिपिकाने वर्ड फाइल उघडायची. `View` मधले `Navigation Pane` सुरू केले की डावीकडे प्रकरणे आणि उपप्रकरणे दिसली पाहिजेत. ती रिकामी असेल तर फाइल तिथेच परत. मग `Review` मधले `Check Accessibility` चालवायचे. पर्यायी मजकूर नसलेली चित्रे आणि शीर्षकाची ओळ नसलेले तक्ते ते दाखवते. शेवटी पीडीएफमधला एक परिच्छेद नोटपॅडमध्ये. लिपिकाला यासाठी विषय कळावा लागत नाही. या तपासणीची मर्यादाही मोठी आहे. ‘आलेख क्र. ४.२’ हा पर्यायी मजकूर ती बिनबोभाट पास करते. म्हणून पर्यायी मजकूर वाचल्याचे मार्गदर्शकांनी त्याच प्रमाणपत्रावर लिहून द्यावे, जिथे ते संशोधन मूळ असल्याचे लिहून देतात. गणिताची समीकरणे, नकाशे, मोडीतल्या कागदपत्रांची छायाचित्रे यांना हा साधा निकष पुरणार नाही. नकाशाचे दोन ओळींत वर्णन होत नाही आणि मोडी कागदाचे लिप्यंतर परिशिष्टात द्यावेच लागेल. अशा विषयांसाठी वेगळी सवलत ठेवावी. तिच्या नावाखाली मराठी, समाजशास्त्र, शिक्षणशास्त्राच्या प्रबंधांना सूट देऊ नये.

जुन्या प्रबंधांचे काय, हा प्रश्न मी मुद्दाम बाजूला ठेवतो. ते लाखो पानांचे, पैशांचे आणि मनुष्यबळाचे काम आहे, आणि त्याच्याशी गाठ घातली की नव्या प्रबंधांचा नियमही अडकून पडेल. एका ठरलेल्या तारखेनंतर सादर होणाऱ्या प्रबंधांना तो लावावा.

आणि नियमासोबत विद्यापीठाने एक तयार वर्ड फाइल संकेतस्थळावर ठेवावी. तीन पातळ्यांची शीर्षके `Complex scripts` मधल्या आकारासकट बसवलेली, भाषा मराठी निवडलेली, एक नमुना तक्ता शीर्षकाच्या ओळीसह, एक नमुना आकृती पर्यायी मजकुरासह, अनुक्रमणिका आपोआप येणारी. एका जाणकार माणसाचे ते दोन-तीन दिवसांचे काम आहे. दारासमोरचे दुकानदार ती लगेच उतरवून घेतील, कारण फाइल परत आली की गिऱ्हाईक त्यांच्याच काउंटरवर येऊन भांडते. दीड इंचाचा समास त्यांना असाच पाठ झाला.